गटाराचा प्रस्ताव तपासायचाय: 395 मीटर, 9 लाख 79 हजार. सुरुवात कुठून करू?

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, वस्ती साधारण बाराशे. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात खालच्या आळीसाठी बंदिस्त गटाराचं काम घेतलंय. पुढच्या महिन्यात ग्रामसभेत तो विषय येणार आहे. त्याआधी प्रस्ताव वाचून मत द्यायला आम्हा पाच जणांना सांगितलंय. मी शिक्षक आहे, बांधकामातलं मला कळत नाही, म्हणून इथे विचारतोय.

प्रस्ताव दोन पानांचा आहे. काम: पाइप टाकून बंदिस्त गटार, लांबी 395 मीटर. मूळ रक्कम 7 लाख 90 हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,42,200, कामगार उपकर 7,900, संकीर्ण खर्च 39,500. एकूण 9,79,600. पैसा वित्त आयोगाच्या बंधित निधीतल्या स्वच्छतेच्या वाट्यातून.

'अपेक्षित फलनिष्पत्ती' या रकान्यात एकच वाक्य आहे: 'सांडपाण्याची समस्या दूर होऊन ग्रामस्थांचे आरोग्य सुधारेल.' आणि 'लोकसहभाग' या रकान्यात: 'ग्रामसभेची मान्यता.'

मला यात तीन गोष्टी खटकतात. काम झाल्यावर ते जमलं की नाही, हे कशावरून ठरवायचं? रक्कम बरोबर आहे का? आणि लोकसहभाग म्हणजे फक्त ठराव का? आळीत चिखल आहे हे मात्र खरंच. माझ्या शाळेतली पोरं त्या पाण्यातूनच येतात.

रानवारा

दादा, एक काम करा. टेप घेऊन जा आणि लांबी मोजा. बाकी सगळं नंतर. आमच्याकडे कागदावर 200 मीटर होतं आणि जागेवर भरलं 140. ज्या दिवशी मोजाल त्या दिवशी सगळं उघडं पडेल.

सोयाबीनवाला

आमच्या घरकुलाचा तिसरा हप्ता सहा महिन्यांपासून अडकलाय. ग्रामपंचायतीत विचारलं तर तालुक्याला जा म्हणतात. तुमच्या त्या समितीला याबद्दल काही करता येईल का?

ओढ्याकाठचा

@सोयाबीनवाला, काका, आमची समिती फक्त या आराखड्यापुरती आहे. घरकुलाचं पंचायत समितीत विचारावं लागेल. वेगळा धागा काढा, इथे माहीतगार लोक आहेत.

@रानवारा, उद्या रविवार आहे, मोजतो.

मोजपट्टी

मी जिल्हा परिषदेच्या बांधकामात तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. टेप जरूर लावा, पण त्याआधी अंदाजपत्रकाची पूर्ण प्रत मागा. दोन पानी प्रस्ताव म्हणजे फक्त गोषवारा. मागे बाबनिहाय पानं असतात: खोदाई किती घनमीटर, कुठल्या व्यासाचा पाइप, चेंबर किती, रस्ता फोडून पुन्हा करायचा खर्च धरलाय का. मीटरला 2000 रुपये हा आकडा एकटा पाहून महाग की स्वस्त हे कोणी सांगू शकणार नाही. चेंबर वगळले की दर स्वस्त दिसतो, आणि दोन वर्षांनी गटार तुंबलं की काठी घालायला जागा नसते. साधारण दर 30 मीटरला आणि प्रत्येक वळणावर चेंबर हवं.

सोबत नकाशा आहे का बघा. त्यावर उताराचे बाण असतील. पाणी शेवटी कुठे सोडलंय, हे सर्वांत आधी वाचा. गटाराचा प्रस्ताव मी नेहमी शेवटच्या टोकाकडून वाचायला सुरुवात करायचो.

मीनल_कऱ्हाड

लोकसहभागाबद्दल माझा अनुभव सांगते. मी बचत गटाच्या कामासाठी गावोगाव फिरते. ठरावावर किती सह्या आहेत हे बघू नका, कोणाच्या आहेत ते बघा. आपल्याकडे ग्रामसभेच्या गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 यांतला कमी आकडा पुरतो. शंभर सह्या झाल्या की कागद पूर्ण होतो. पण ज्या आळीत काम व्हायचंय, त्या आळीतली किती माणसं होती?

सर, हजेरी नोंदवही आणि त्या आळीतल्या घरांची यादी शेजारी ठेवून जुळवून बघा. तासाभराचं काम आहे. आणि महिला सभा ग्रामसभेच्या आधी खरंच झाली होती का, तेही विचारा. सांडपाणी म्हणजे मोरीचं आणि भांड्यांचं पाणी. ते कुठे साचतं, हे ज्या बाईला रोज दिसतं, तिलाच आपण विचारत नाही.

ओढ्याकाठचा

मोजून आलो. मी आणि आठवीतली दोन पोरं, 30 मीटरचा टेप. मारुतीच्या पारापासून आळीतल्या शेवटच्या घरापर्यंत 318 मीटर भरलं. दोनदा मोजलं.

म्हणजे 77 मीटर जास्त दाखवलंय? 318 ने हिशोब केला तर मूळ रक्कम 6,36,000, आणि कर वगैरे त्याच प्रमाणात धरून एकूण 7,88,640 होते. फरक 1,90,960 चा. बघून रात्री झोप लागली नाही.

@मीनल_कऱ्हाड, मागच्या ग्रामसभेची नोंदवहीही पाहिली. 112 सह्या, त्यात बायकांच्या 19. आळीत घरं 71, आणि त्या घरांतल्या सह्या फक्त 14. महिला सभेची नोंद आहे, पण त्या दिवशी आळीतल्या बहुतेक जणी कापूस वेचायला गेल्या होत्या. सभा सकाळी अकराला होती.

रानवारा

बघा! मी म्हटलं होतं. सरळ गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. इथे फोटोही टाका.

मोजपट्टी

थांबा. घाई करू नका, माणसाचं नाव खराब व्हायला वेळ लागत नाही. तुम्ही शेवटच्या घरापर्यंत मोजलंत. गटार शेवटच्या घरापाशी थांबत नाही, पाणी कुठेतरी सोडावं लागतं. शेवटच्या घरापासून ओढा किती अंतरावर आहे? अंदाजपत्रकाचा नकाशा हातात घेऊन तेवढं मोजा, मग बोलू.

ओढ्याकाठचा

सर, तुमचं बरोबर होतं. काल ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पूर्ण अंदाजपत्रक दाखवलं. नकाशात गटार शेवटच्या घरापासून पुढे ओढ्यापर्यंत नेलंय. संध्याकाळी मोजलं: 77 मीटर. एकूण बरोबर 395. @रानवारा, लांबीत घोळ नाही. मी सरपंचांना काही बोललो नव्हतो, हे बरं झालं.

पण ओढ्याच्या ज्या जागी पाइप उघडणार आहे तिथे उभा राहिलो आणि पोटात गोळा आला. तिथून खाली वीसेक मीटरवर, ओढ्याच्या काठालाच, आमची सार्वजनिक विहीर आहे. नळाला पाणी नसतं त्या दिवशी निम्मं गाव तिथलंच पितं.

मोजपट्टी

म्हणजे खरा मुद्दा हा आहे. रकमेचा नाही.

पाण्याचा हिशोब करू. त्या आळीत माणसं किती? नळ योजना माणशी 55 लिटर धरून आखतात, त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं, म्हणजे माणशी 44 लिटर.

ओढ्याकाठचा

340 माणसं आहेत. म्हणजे रोजचं 14,960 लिटर. पंधरा हजारच धरू. दहा हजारांच्या टँकरच्या हिशोबानं दीड टँकर, रोज, विहिरीच्या वरच्या अंगाला.

एवढं मात्र आहे की नळ एक दिवसाआड येतो. ज्या दिवशी येतो त्या दिवशी सगळ्या घरी धुणं निघतं.

मोजपट्टी

मग त्या दिवशी सरासरीपेक्षा बरंच जास्त धरा. सरासरी 55 असली तरी गटाराला नळाच्या दिवसाचं पाणी वाहून न्यावं लागतं. आणि आज हे पाणी अंगणात, रस्त्यात पसरून निम्मं वाळतं, मुरतं. पाइप टाकलात की सगळंच्या सगळं एका जागी जाईल. आळी कोरडी होईल, फलनिष्पत्तीचा रकाना खरा ठरेल, आणि विहीर जाईल.

तुप्पा_नांदेड

मी माजी सरपंच. आमच्या जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं शोषखड्डे करून गटारंच बंद केली, डास गेले. आम्हीही तेच केलं. चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. घरटी एक. गटार पाहिजेच कशाला? तुमच्या 71 घरांना 71 खड्डे. आम्ही रोजगार हमीतून घेतले, वित्त आयोगाचा पैसा वाचला. प्रस्ताव रद्द करा आणि खड्डे घ्या.

सुमन_आशा

सर, मी आशा म्हणून काम करते, हिंगोलीकडे. आमच्या गावात शोषखड्डे झाले, पण सगळीकडे टिकले नाहीत. वरच्या गल्लीत छान चालतात. खालच्या गल्लीत पावसाळ्यात भरून वर येतात. काळी माती आहे ना. तिथल्या बायकांनी कंटाळून पाइप पुन्हा रस्त्यावर काढला.

आणि जिथे चालतात तिथेही आधीच्या छोट्या टाकीतला गाळ काढावा लागतो. जी राखेनं भांडी घासते तिच्याकडे राख जाते, बाकीच्यांकडे साबणाचा थर आणि केस. गाळ नाही काढला तर वर्षात खड्डा बसतो. ओळखायचं सोपं आहे: रात्री मोरी बंद असते, तरी सकाळी टाकीत पाणी तेवढंच दिसलं की समजायचं, आता मुरत नाही.

मोजपट्टी

सुमनताईंनी नेमकं सांगितलं. तुप्पा साहेब, तुमचा उपाय चांगला, पण 71 ला 71 हे न बघता म्हणता येणार नाही. माती बघा. सर, आळीत दोन-तीन ठिकाणी फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा घ्या. आदल्या संध्याकाळी पाण्यानं भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि अर्ध्या तासात पाणी किती उतरलं ते पट्टीनं मोजा. आदल्या रात्रीचं भिजवणं टाळू नका. काळी माती वाळली की तिला भेगा पडतात, त्यात पाणी धडाधड जातं आणि वाटतं, वा, काय मुरतंय! भिजल्यावर तीच माती फुगून तोंड मिटते.

ओढ्याजवळ आणखी एक बघा: भर पावसाळ्यात विहिरीचं पाणी जमिनीपासून किती खाली असतं. चार फुटांवर पाणी असेल तर चार फुटांच्या खड्ड्यात ते कुठे मुरणार?

गाववाला_चिंचवड

मी गावी दोन वर्षांतून एकदा जातो, पण गावाबद्दल जीव तुटतो. गटारावर दहा लाख घालण्यापेक्षा मारुतीच्या मंदिरापुढे सभामंडप का नाही करत? लोक वर्गणीही देतील. आम्ही चिंचवडची मंडळी पन्नास हजार जमवू.

मीनल_कऱ्हाड

@गाववाला_चिंचवड, भाऊ, स्वच्छतेच्या बंधित निधीतून सभामंडप होत नाही. तो पैसा स्वच्छतेवरच खर्च करावा लागतो. पण तुमची पन्नास हजारांची तयारी खरी असेल तर सरांना कळवा. लोकसहभागाच्या रकान्यात लिहिता येईल असं या धाग्यात आलेलं हे पहिलंच वाक्य आहे.

गाववाला_चिंचवड

ताई, खरंच देऊ. पण शोषखड्ड्याला वर्गणी मागितली तर किती जण देतील, सांगता येत नाही. विचारतो.

ओढ्याकाठचा

उशिरा लिहितोय, माफ करा. चाचणी घ्यायला चार दिवस लागले.

आमचं गावठाण पांढरीवर आहे. आळीचा वरचा भाग, 46 घरं, पांढरीवरच. तिथे दोन-अडीच फुटांखाली मुरूम लागतो. खालची 25 घरं काळ्या रानात, ओढ्याच्या अंगाला. वरच्या खड्ड्यात अर्ध्या तासात पाणी तीन इंच उतरलं. खालच्यात अर्धा इंचही नाही. पट्टी धरून बसलेला पोरगा म्हणाला, सर, हे तर हललंच नाही. आणि खालच्या भागातल्या एका आजींनी सांगितलं की श्रावणात त्यांच्या चुलीजवळची जमीन ओली होते. तिथे खड्ड्याचा विषयच संपला.

मग आम्ही पाच जणांनी रात्री सातला आळीतच बैठक घेतली. सभा नव्हती, नुसती पारावर बसलो. 40 बायका आल्या. 71 घरांचा कच्चा नकाशा काढला आणि ज्या घराचं पाणी रस्त्यावर येतं तिथे खडूनं खूण केली. 58 खुणा झाल्या. कायम डबकं राहतं अशा 9 जागा निघाल्या. त्यातल्या दोन अंदाजपत्रकातल्या गटाराच्या रेषेवर नाहीतच, त्या मागच्या बोळात आहेत. प्रस्ताव जसाच्या तसा झाला असता तरी तिथलं डबकं तसंच राहिलं असतं.

मोजपट्टी

हे फार चांगलं केलंत. या दोन आकड्यांना आता सोडू नका: 58 घरं आणि 9 डबकी. फलनिष्पत्तीच्या रकान्यात तेच घाला. '395 मीटर गटार' हे झालेलं काम आहे, त्यानं साधलं काय ते नव्हे. काम पूर्ण झाल्यावर, आणि पुन्हा एका पावसाळ्यानंतर, त्याच नकाशावर, नळाच्या दिवशी, सकाळी दहाला मोजा. वार आणि वेळ बदललीत तर आकडा आपोआप चांगला येतो. 58 चे किती झाले, 9 चे किती राहिले, एवढं पुरे.

रानवारा

मग डेंगीचे रुग्ण का नाही मोजायचे? आरोग्य सुधारेल असं त्यांनीच लिहिलंय ना? मागच्या वर्षी किती, पुढच्या वर्षी किती, झालं.

सुमन_आशा

दादा, मलाही आधी तसंच वाटायचं. पण 340 माणसांत एका वर्षी तीन निघतात, पुढच्या वर्षी एक. गटार न करताही तसं होतं. पाऊस कमी झाला, कोणी तपासलंच नाही, कोणी खासगीत गेला, तरी आकडा खाली येतो. त्यापेक्षा आम्ही घरोघरी डासअळ्या बघतो, ते घ्या: शंभर घरं बघितली तर किती घरांत अळी सापडली. मात्र एक लक्षात ठेवा. डेंगीचा डास रांजणातल्या आणि टाकीतल्या साठवणीच्या पाण्यातच जास्त होतो. गटाराच्या घाण पाण्यात होतो तो वेगळा डास. गटार केलं म्हणून डेंगी जाईल, असं कागदावर लिहू नका.

रानवारा

हे मला माहीत नव्हतं ताई. पटलं.

तुप्पा_नांदेड

ठीक आहे, काळ्या रानाचं मान्य. पण वरच्या 46 घरांना तरी खड्डेच घ्या. आणि खड्डा कुणाच्या अंगणात, हे आधी लिहून घ्या. आमच्याकडे दोन भावांत यावरून वर्षभर काम अडलं होतं.

ओढ्याकाठचा

हो, आम्ही आता तसाच विचार करतोय. गावातल्या गवंड्याकडून भाव घेतला: गाळाच्या टाकीसह एक खड्डा 4,500. 46 घरांचे 2,07,000. त्यातल्या 39 घरांनी जागा दिली आणि गाळ आपण काढू म्हणून सही केली. सात घरांना अंगणच नाही, त्यातल्या चौघांना शेजाऱ्याच्या खड्ड्यात जोडता येईल. तीन उरतात.

खालच्या 25 घरांसाठी गटार लागणारच. ते साधारण 120 मीटर होईल, त्याच दरानं मूळ रक्कम 2,40,000, वर कर वेगळे. पण ते सोडायचं कुठे, हे अजून सुटलेलं नाही. ओढ्यापलीकडे, विहिरीच्या खालच्या अंगाला थोडं गायरान आहे. @मोजपट्टी, तिथे तळं करता येईल का?

मोजपट्टी

करता येईल, उतार मिळाला तर. 25 घरांचं पाणी पाच-साडेपाच हजार लिटर असेल. आधी गाळ बसवायची टाकी आणि मग उथळ स्थिरीकरण तळं, एवढ्या पाण्याला जागा फार लागत नाही. पण ओढा ओलांडून पाइप न्यायचा तर पुरात टिकेल असा न्यावा लागेल, त्याचा खर्च मी इथे बसून सांगणार नाही. तुमच्या शाखा अभियंत्याला जागेवर न्या आणि लेव्हल घ्यायला लावा. हे तांत्रिक मान्यतेच्या आधी करा. मान्यता झाल्यावर बदल म्हणजे सुधारित अंदाजपत्रक, आणि त्यात वर्ष जातं.

देखभालीचा खर्चही लिहा. चेंबर वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी, साफ करायला माणूस आणि मजुरी. तुमच्या प्रस्तावात त्याचा एक रुपयाही नाही.

तुप्पा_नांदेड

गायरानावर तळं करायचं तर तिथे गुरं चारणाऱ्यांना विचारलंय का? ते लोक आळीतले नसतील.

ओढ्याकाठचा

नाही विचारलं, साहेब. ती पलीकडच्या वस्तीची गुरं असतात आणि त्या वस्तीतलं आमच्या समितीत कोणीच नाही. उद्या संध्याकाळी तिकडे जातो.

शाखा अभियंता गुरुवारी यायला तयार आहेत. सरपंचांना नकाशा, 58 आणि 9 चे आकडे आणि विहिरीचं अंतर दाखवलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, विहिरीवर माझीही आई पाणी भरते, विषय पुढच्या सभेवर ढकलू पण नीट करू. ज्या तीन घरांना जागा नाही, त्यांचं काय करायचं ते मात्र आम्हाला अजून सुचलेलं नाही. कोणाकडे असं झालं असेल तर सांगा.

मीनल_कऱ्हाड

आमच्याकडे एका गावात मंदिराच्या मागच्या जागेत चार घरांचा मिळून एक मोठा खड्डा केला होता. जागा मिळाली, पण गाळ कोणी काढायचा यावरून अजून वाद आहे. तरी त्या गावच्या ताईंचा नंबर तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते, त्यांच्याशीच बोला.